उताराचा हिशेब कुठे चुकतो?

विजेवर चालणारी गाडी घाट उतरताना तिची मोटर जनित्रासारखी काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. म्हणून अशा गाडीसाठी सर्वांत कमी विजेचा मार्ग शोधायचा, तर काही रस्त्यांचा खर्च उणे धरावा लागतो. आणि नेमकं इथेच मार्ग शोधण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत चुकीचं उत्तर देते.

ती रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांची. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जायचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, या प्रश्नावर १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसून त्यांनी ती सुमारे वीस मिनिटांत मनातच रचली. १९५९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आज ती बहुधा ‘प्रायॉरिटी क्यू’ वापरून लिहितात. या रांगेत आधी कोण आलं याला महत्त्व नसतं. ज्या ठिकाणाचा आतापर्यंतचा खर्च सर्वांत कमी, ते पुढे येतं. ते बाहेर काढायचं, त्याचा खर्च कायमचा पक्का करायचा आणि तिथून पुढच्या ठिकाणांचे आकडे सुधारायचे.

पक्कं करण्याचा हा अधिकार कुठून येतो? रांगेत उरलेल्या प्रत्येक ठिकाणाचा खर्च याच्याएवढा किंवा याहून जास्त असतो. याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने यायचं, तर त्यांपैकी कुणावरून तरी यावं लागेल. पुढच्या रस्त्यावर खर्च वाढतच असेल, निदान कमी तरी होत नसेल, तर ती वाट स्वस्त पडूच शकत नाही. सगळा युक्तिवाद या एका गृहीतकावर उभा आहे.

आता एक छोटा नकाशा घेऊ. घरापासून डोंगराला वळसा घालून गावाला जायला २ युनिट वीज लागते. घरापासून खिंडीपर्यंतच्या चढाला ५ युनिट लागतात, पण खिंडीतून गावात उतरताना ४ युनिट परत मिळतात. म्हणजे त्या रस्त्याचा खर्च उणे ४. गावापासून बाजारापर्यंत १ युनिट.

घरापासून सुरुवात केली की रांगेत गाव २ आणि खिंड ५ असे आकडे येतात. गाव आधी बाहेर पडतं आणि २ वर पक्कं होतं. मग बाजार ३ वर पक्का होतो. शेवटी खिंडीची पाळी येते. तिथून गावाला ५ उणे ४, म्हणजे अवघ्या १ युनिटमध्ये पोहोचता येतं. पण गावाचा आकडा पक्का झालेला आहे, तो आता बदलत नाही. बाजाराचं खरं उत्तर २ असताना आपल्या हाती ३ येतं.

मग सगळ्याच रस्त्यांच्या खर्चात ४ मिळवून उणे आकडे घालवले तर? तसं केलं की वळशाची वाट ६ अधिक ५, म्हणजे ११ होते आणि खिंडीची ९ अधिक ० अधिक ५, म्हणजे १४. ज्या वाटेत तुकडे जास्त, तिच्यावर भार जास्त पडतो आणि पुन्हा चुकीचीच वाट जिंकते. पक्की झालेली ठिकाणं पुन्हा रांगेत घेतली तर उत्तर बरोबर येतं, पण तीच ठिकाणं इतक्या वेळा उघडावी लागू शकतात की मोठ्या नकाशावर काम आटोक्याबाहेर जातं.

यावर भरवशाचा उपाय म्हणजे बेलमन-फोर्ड रीत. ती कुणालाच घाईने पक्कं करत नाही. ठिकाणं चार असतील तर सगळे रस्ते तीन फेऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा तपासते. चौथ्या फेरीतही एखादा आकडा घटला, तर समजावं की नकाशात असं वर्तुळ आहे, ज्यात फिरत राहिलं की खर्च घटतच जातो. मग सर्वांत स्वस्त वाट असं काही उरतच नाही. ही रीत डाइकस्ट्रांच्या रीतीपेक्षा संथ आहे, पण प्रामाणिक आहे.

गाडीच्या बाबतीत त्याहून सुंदर तोड आहे. खिंडीच्या चढावर गेलेल्या ५ युनिटांपैकी साडेचार उंचीत साठली, असं समजू. चढाच्या खर्चातून ती वजा करायची आणि उताराच्या खर्चात मिळवायची. दोन्ही रस्ते अर्ध्या युनिटाचे होतात, उणे काहीच उरत नाही. घर, गाव आणि बाजार एकाच उंचीवर असतील, तर बाकीचे आकडे तसेच राहतात. मधली उंची बेरजेत आपोआप कटते, म्हणून वाटांची तुलना बिघडत नाही. मग प्रायॉरिटी क्यू बिनधास्त वापरावी. डोनाल्ड जॉन्सन यांची १९७७ मधली रीत हेच तत्त्व कोणत्याही नकाशाला लावते. तिथे ही ‘उंची’ बेलमन-फोर्डने काढतात.

उणे खर्च समोर आला म्हणून डाइकस्ट्रांची रीत थांबत नाही, तक्रारही करत नाही. ती निमूटपणे आकडा देऊन मोकळी होते. म्हणून ती वापरण्याआधी एकदा सगळ्या रस्त्यांचे खर्च तपासा. त्यांत एकही उणे असेल, तर आलेल्या उत्तरावर विसंबू नका.