बढती मागताना मॅनेजरच्या हाती काय द्याल?

पगारवाढ आणि बढती ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. वर्षभर काम चांगलं केलं की पगारवाढ मिळते. बढती मात्र वरच्या जागेचं काम तुम्हाला पेलेल, अशी वरिष्ठांची खात्री पटल्यावर मिळते. त्यामुळे केवळ केलेल्या कामांची यादी मॅनेजरपुढे ठेवली, तर ‘तुम्ही आहात त्या जागी उत्तम आहात’ एवढंच तिच्यातून सिद्ध होतं.

शिवाय मोठ्या कंपन्यांत मॅनेजर एकटा बढती देत नाही. निरनिराळ्या प्रोजेक्टचे मॅनेजर, वरिष्ठ आणि एचआर एकत्र बसतात, जागा मोजक्या असतात आणि प्रत्येक जण आपल्या माणसाची बाजू मांडतो. त्या खोलीत तुम्ही नसता. म्हणून तुमच्या मेलमधली वाक्यं मॅनेजरला तिथे जशीच्या तशी उचलून बोलता आली पाहिजेत.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत सीनिअर टेस्ट इंजिनिअर असलेली मुलगी आहे, तिला टेस्ट लीड व्हायचं आहे. ‘चार वर्षं मनापासून काम करतेय, शनिवार-रविवारीही आले, आता माझा विचार व्हावा’ असं तिने लिहिलं, तर मॅनेजरला वाईट वाटेल. पण बैठकीत सांगायला त्याच्याकडे काही नसेल. त्याऐवजी तिने आधी एचआरच्या पोर्टलवरून टेस्ट लीडच्या जबाबदाऱ्यांचा कागद काढावा. तो नसेल, तर सध्याचा लीड आठवडाभर काय काय करतो, ते टिपून घ्यावं. मग असा मेल लिहावा:

‘सर, पुढच्या बढतीच्या फेरीसाठी टेस्ट लीड म्हणून माझा विचार व्हावा, अशी माझी इच्छा आहे. त्याबद्दल बोलायला अर्धा तास मिळेल का? प्रत्येक रिलीजआधी जुन्या फीचर्सची तपासणी हाताने करायला चार दिवस लागायचे. मी त्यातला मोठा भाग ऑटोमेट केला, आता दीड दिवस लागतो. स्क्रिप्ट मी लिहिल्या, सर्व्हरची मांडणी दुसऱ्या टीमने केली.

लीडच्या कामांपैकी नव्या मुलांना तयार करणं मी करते आहे. दोघं आता स्वतंत्रपणे मॉड्यूल सांभाळतात. लीड रजेवर असताना क्लायंटचे कॉल मी सहा आठवडे घेतले. कामाचा अंदाज बांधणं आणि रिलीजला अंतिम होकार देणं मी अजून केलेलं नाही. पुढच्या रिलीजचा अंदाज मी तयार करून तुम्हाला दाखवू का?’

या मेलमध्ये आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो आणि त्यात तिचा नेमका वाटा किती, हे तिन्ही आहे. ‘आम्ही केलं’ असं मोघम लिहिलं, तर बैठकीतला पहिलाच प्रश्न ‘यात तिचं काय?’ असा येतो. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय त्याला दिल्यामुळे तिचा दावा उलट भक्कम होतो. राहिलेली कामं तिने लपवली नाहीत, ती करून दाखवायची संधी मागितली. इतर कुणाशी तुलना नाही, दुसऱ्या कंपनीच्या ऑफरची धमकीही नाही.

वेळही साधावी लागते. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरणाऱ्या कंपन्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये सेल्फ अप्रेझलचा फॉर्म येईपर्यंत नावं आणि बजेट बरंचसं ठरत आलेलं असतं. हा मेल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेला, तर राहिलेली जबाबदारी करून दाखवायला एखादं रिलीज तरी हाती उरतं.

भेटीत ‘बघू या’ एवढंच उत्तर आलं, तर शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्यात नेमकं काय कमी आहे, ते कधीपर्यंत दिसायला हवं आणि निर्णय कोण घेतं? मॅनेजरने ठोस उणीव सांगितली, तर तिच्यावर काम करता येतं. ‘काम छानच आहे’ म्हणत तो एकही उणीव सांगत नसेल, तर अनेकदा अडचण तुमच्यात नसून जागेची किंवा बजेटची असते. तेव्हा ‘या प्रोजेक्टमध्ये लीडची जागा निघणार आहे का?’ असं सरळ विचारावं. निघणार नसेल, तर कितीही चांगल्या मेलने ती तयार होणार नाही. कंपनीतल्याच दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये जाण्याबद्दल बोलणं त्यापेक्षा उपयोगाचं.

भेट झाली की त्याच दिवशी ठरलेल्या गोष्टी चार ओळींत मॅनेजरला लिहून पाठवा. सहा महिन्यांत मॅनेजर बदलला, तर नव्या माणसाला दाखवायला तेवढाच लेखी पुरावा तुमच्याकडे असतो.