पेणकर म्हणजे कोण?

पेणकर, रोहेकर, केहीमकर. घरात मराठी, तीही कोकणी हेलाची. ऐकणारा मनातल्या मनात जात-धर्म ठरवून मोकळा होतो. पण ही आडनावे बेने इस्रायली ज्यूंचीही आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाब्यात (आताचा रायगड) त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ‘कर’ फक्त गाव सांगतो. त्या गावचा हिंदू, मुसलमान, ज्यू कोणीही तो लावू शकतो. पूर्वी नावांनीही चकवा दिला असता: सॅम्युएलचा सामाजी होई. मुंबईतला डॉ. ई. मोझेस मार्ग ज्यांच्या नावाचा, त्या महापौरांचे आडनाव होते राजपूरकर!

बरे, ‘ज्यू’ कळले म्हणून वंश कळला का? तेही नाही. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा दिसला. हेल तर लहानपणी कानावर पडतो तसा वळतो. या समाजाची इस्रायलमध्ये वाढलेली नातवंडे हिब्रू ढंगाने बोलतात. त्यांच्या आजीआजोबांसाठी तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले.