खटका न बसलेली केबल

दिवाळीच्या आधी आठवडाभर सांगलीतल्या त्या छोट्या दुरुस्तीच्या दुकानात कपाटांवरसुद्धा कॅबिनेटं रचलेली होती. घराघरांत रंगकाम निघतं, कॉम्प्युटर टेबलावरून खाली उतरतो, पलंगाखाली जातो, परत टेबलावर चढतो आणि मग चालू होत नाही. घरबसल्या टायपिंगची कामं करणाऱ्या एक ताई रिक्षातून आपला सीपीयू घेऊन आल्या. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप.) एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आलं होतं, की मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या. त्यांच्या हाताशी लग्नपत्रिकांची कामं होती आणि सगळा मजकूर त्या डब्यात होता.

दुकानदार काका बँकेत गेले होते. मागे होता आयटीआय करून चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेला मुलगा. त्याने डबा आडवा ठेवला, दुकानातली वायर लावली, मागचं बटण चालू केलं आणि पुढचं बटण दाबलं. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही, आवाजही आला नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न असतो, वीज नेमकी कुठपर्यंत पोचते? भिंतीतले २३० व्होल्ट मागच्या पत्र्याच्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये येतात. तिथे त्यांचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट होतात, आणि २४ पिनांच्या एका जाड केबलमधून मदरबोर्डला मिळतात. कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएस पूर्ण झोपत नाही. जांभळ्या तारेतून ५ व्होल्टचा बारीक प्रवाह सतत येत असतो. बटण दाबलं हे बोर्डाला कळावं म्हणून तेवढी वीज लागते. मग बोर्ड हिरव्या तारेतून एसएमपीएसला निरोप देतो, की आता सगळी वीज सोड. हा निरोप म्हणजे ती तार जमिनीला, म्हणजे काळ्या तारेला, जोडणं. जोडलेली नसेल तेव्हा हिरव्या तारेवर काही व्होल्ट दिसतात, आणि निरोप गेला की ते शून्याजवळ येतात.

मुलाने बाजूचं झाकण काढलं. बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा दिवा लागलेला होता. सगळ्याच बोर्डांना तो नसतो, पण इथे होता आणि त्या एका दिव्याने बरंच काम केलं. भिंतीचा सॉकेट, वायर, मागचं बटण, एसएमपीएसचा जागता भाग, जांभळी तार, इथपर्यंत वीज पोचत होती. एसएमपीएसचा जागता भाग जळला असता तर हा दिवा लागला नसता.

पुढचं बटण तरी खराब असेल, म्हणून त्याने बटणाची दोन पिनांची बारीक जोडणी उपसली आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जुळवल्या. बटण हेच काम करतं. तरीही काही झालं नाही. मग त्याने मल्टिमीटर घेतला. केबल न काढता, जोडणीच्या मागच्या बाजूने तारेच्या छिद्रात प्रोब सरकवता येतो. जांभळ्या तारेवर ५.०५ व्होल्ट आले, म्हणजे ठीक. हिरव्या तारेवर ४.८ आले. प्रोब तिथेच धरून त्याने पुन्हा पिना जुळवल्या. आकडा हलला नाही. एसएमपीएस निरोपाची वाट बघत होता आणि निरोप येत नव्हता.

इथे दोनच शक्यता उरतात. एक तर बोर्ड निरोप देत नाही, म्हणजे ताईंना सांगितलेलं निदान खरं. किंवा बोर्ड देतो आहे, पण तो तारेपर्यंत पोचत नाही. बहुतेक जण इथे २४ पिनांची केबल उपसतात आणि हिरवी व काळी तार क्लिपने जोडून एसएमपीएस वेगळा तपासतात. मुलाचाही हात तिकडेच गेला होता. पण काकांचा एक नियम होता: कुठलीही केबल काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढायचा. त्याने फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि थांबला. जोडणीचं एक टोक सॉकेटमध्ये पूर्ण बसलं होतं, दुसरं दोनेक मिलिमीटर वर होतं. मधला प्लॅस्टिकचा खटका सॉकेटच्या कडेवर नुसता टेकलेला होता, अडकलेला नव्हता.

या जोडणीत १२-१२ पिनांच्या दोन रांगा असतात. जांभळी तार पहिल्या रांगेत नवव्या जागेवर येते. हिरवी तार दुसऱ्या रांगेत चौथ्या जागेवर, म्हणजे बरोबर वर राहिलेल्या टोकाकडे. दिवा लागत होता आणि निरोप जात नव्हता, दोन्ही त्या तिरक्या जोडणीने उलगडलं. दिवा बघून ‘वीज तर येते आहे, मग बोर्डच गेला’ असं कुणालाही वाटलं असतं. क्लिपची चाचणी केली असती तर एसएमपीएस ठीक निघाला असता, केबल परत लावताना घट्ट बसली असती, कॉम्प्युटर चालू झाला असता आणि का, ते कुणालाच कळलं नसतं.

त्याने भिंतीचं बटण बंद केलं, वायर काढली आणि दिवा विझेपर्यंत पुढचं बटण दाबून धरलं. आतला साठा असा उतरतो. मग खटका दाबून केबल सरळ वर उपसली आणि पिना उजेडात बघितल्या. हे टाळू नये. अर्धवट बसलेल्या पिनेचा स्पर्श कमी असतो, आणि स्पर्श कमी झाला की तिथे रोध वाढतो. ०.१ ओहमच्या रोधातून ५ अँपिअर गेले तरी अडीच वॉट उष्णता तयार होते, आणि तीही तांदळाएवढ्या धातूवर. प्लॅस्टिक तपकिरी होतं, पिनेची पकड सैल पडते, त्याने उष्णता आणखी वाढते. तसा डाग दिसला असता तर केबल नुसती दाबून बसवणं चुकीचं ठरलं असतं. जोडणी बदलावी लागली असती. इथे सगळ्या पिना स्वच्छ होत्या. तिरक्या टोकामुळे निरोपच जात नव्हता, त्यामुळे मोठा प्रवाह तिथून गेलाच नव्हता.

एका हाताने बोर्डाला खालून आधार देत त्याने दुसऱ्या हाताने केबल दाबली. ‘टक्’ आवाज आला. वायर लावून प्रोब पुन्हा हिरव्या तारेत सरकवला आणि पिना जुळवल्या. ४.८ वरून आकडा ०.१ वर आला, आणि पंखा फिरला.

काका परतले तेव्हा स्क्रीनवर ताईंच्या फायली दिसत होत्या. “चालू झाला एवढ्यावर जाऊ नकोस,” काका म्हणाले. मुलाने पाच वेळा पूर्ण बंद करून चालू केला, केबलला हलकेच झटके दिले, तासभर चालता ठेवला. मग काकांनी ताईंना विचारलं, “झाकण कधी उघडलं होतं का?”

“उन्हाळ्यात दिरांनी धूळ काढली होती. पण त्यानंतर पाच महिने चालला की, दादा.”

ते जुळत होतं. त्या वेळी केबल खटका न अडकता बसली, पण पिनांना पुरेल इतकी. रंगकामात डबा आडवा पडला, ताठ तारांनी जोडणीला एका बाजूला ओढलं, आणि जेमतेम टिकलेला स्पर्श सुटला.

काकांनी फक्त तपासणीचे पैसे घेतले. मुलाने झाकण लावण्याआधी वायर काढली, दिवा विझू दिला, केबल पुन्हा उपसली आणि ताईंना म्हणाला, “ताई, एकदा तुम्ही बसवून बघा.” पहिल्यांदा त्यांनी हळूच दाबली. आवाज आला नाही. दुसऱ्यांदा अंगठ्याने जोर दिला. टक्.