पगार ठरला, पण सही करण्याआधी...

‘पगारात आता काही होणार नाही,’ असं एचआरने सांगितलं की बरेच उमेदवार ऑफर लेटरवर सही करून मोकळे होतात. खरं तर दुसरी बोलणी इथूनच सुरू करायची असतात. पगार वाढवला तर तो कंपनीला दरवर्षी द्यावा लागतो. जॉइनिंग बोनस आणि स्थलांतर भत्ता एकदाच द्यायचा असतो, त्यामुळे तिथे एचआरचा हात थोडा सैल असतो.

समजा, नागपूरची एक इंजिनिअर बंगळुरूच्या कंपनीत फेब्रुवारीत रुजू होणार आहे. जुन्या कंपनीत मार्चअखेर मिळणारा १ लाखाचा बोनस तिच्या हातचा जाणार आहे. तिने मेलमध्ये लिहावं : ‘ऑफरबद्दल आभार. पगार मला मान्य आहे. लवकर रुजू होण्यासाठी मी १ लाखाचा बोनस सोडते आहे, तेवढा जॉइनिंग बोनस मिळावा. सामानाची वाहतूक, घराची दलाली आणि सुरुवातीचे पंधरा दिवस राहणं यासाठी ८० हजारांचा खर्च आहे, अंदाजपत्रक जोडलं आहे. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता यावं. हे जमल्यास मी शुक्रवारपर्यंत होकार कळवते.’ तिन्ही मागण्या एकाच मेलमध्ये आहेत, कारण एचआरला वरिष्ठांकडून एकदाच मंजुरी आणणं सोपं जातं. रोज एक नवी मागणी आली की त्यांचा उत्साह संपतो.

होकार आला तरी परतफेडीची अट वाचायलाच हवी. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बोनस परत करावा, असं त्यात बहुधा असतं. बोनसवर पगारासारखाच कर लागतो. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून १ लाखातले २०,८०० रुपये कापले जातात आणि हातात ७९,२०० येतात. अटीत ‘संपूर्ण रक्कम’ असेल तर मात्र १ लाख मागितले जाऊ शकतात. म्हणून दोन दुरुस्त्या मागाव्यात : परतफेड उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात आणि हाती आलेल्या रकमेवरच व्हावी, आणि कंपनीनेच नोकरीवरून कमी केलं तर ती लागू नसावी. पहिली दुरुस्ती मान्य झाली, तर नऊ महिन्यांनी नोकरी सोडणारीला साधारण २० हजारच परत द्यावे लागतील.

स्थलांतराचे पैसे एकरकमी मिळणार की बिलं दाखवल्यावर, हेही विचारावं. बिलांवर मिळणार असतील तर आधी खिशातून घालावे लागतात, आणि दलालाची पावती नसेल तर तो खर्च अडकतो.

घरून कामाचे दिवस सर्वांत लवकर निसटतात. फोनवर ‘मॅनेजरशी बोलून घ्या, होईल’ असं म्हणणारा मॅनेजर चार महिन्यांत बदलू शकतो. ऑफर लेटरमध्ये ‘कंपनीच्या धोरणानुसार’ एवढंच असेल तर धोरण बदललं की दिवस गेले. आठवड्याचे किती दिवस, हा आकडाच लिहून घ्यावा.

सगळं ठरलेलं सुधारित ऑफर लेटरमध्ये उतरल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.