मेलेलं पिल्लू माकडीण सोडत का नाही?

परवा एका श्रोत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. कुंपणाच्या भिंतीवरून माकडीण चाललीय, एका हाताने तिने पिल्लू छातीशी धरलंय आणि पिल्लाची मान खाली लोंबतेय. सोबत एकच प्रश्न होता, "दादा, तिला कळत नाही का?"

लहानपणी आपण बिरबलाची गोष्ट ऐकली होती. हौदात पाणी वाढतं आणि माकडीण शेवटी पिल्लाच्या डोक्यावर उभी राहते. अभ्यासकांच्या नोंदी मात्र वेगळंच सांगतात. जपानमधल्या ताकासाकियामा डोंगरावरच्या माकडांच्या २४ वर्षांच्या नोंदींमध्ये १५७ मेलेली पिल्लं आयांनी वागवलेली सापडली. बहुतेकींनी आठवड्याच्या आत सोडली, एकीने १७ दिवस.

आता कळण्याबद्दल. जिवंत पिल्लू आईच्या केसांना स्वतः घट्ट धरतं. मेलेलं धरत नाही, म्हणून आईचा एक हात अडकतो आणि तिला तीन पायांवर चालावं लागतं. म्हणजे काहीतरी बदललंय हे तिच्या अंगाला तरी समजतंच.

सगळ्यात बारीक नोंदी आहेत त्या माकडांच्या चुलतभावंडांच्या, म्हणजे चिंपांझींच्या. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात बोसू नावाच्या गावाजवळ जिरे नावाची मादी होती. १९९२ मध्ये तिचं पिल्लू गेलं, ते तिने किमान २७ दिवस वागवलं. २००३ च्या अखेरीस तिथे श्वसनाच्या आजाराची साथ आली आणि तिचं सव्वा वर्षाचं दुसरं पिल्लूही गेलं. तेव्हा तिने ६८ दिवस वागवलं! शरीर वाळून चामड्यासारखं झालं होतं. ती त्याचे केस साफ करायची, माश्या हाकलायची, रात्री घरट्यात जवळ घेऊन झोपायची. पण चालताना ते हातापायाला धरून न्यायची. जिवंत बाळाला कुणी असं उचलत नाही. म्हणजे 'नवखी आई आहे, तिला कळलंच नाही' हे उत्तर जिरेला तरी लागू पडत नाही.

२०२१ मध्ये संशोधकांनी ५० जातींमधल्या ४०९ घटना एकत्र तपासल्या. त्यात दिसलं की आजाराने गेलेलं पिल्लू आया जास्त वेळा वागवतात. मारहाणीत किंवा अपघातात गेलेलं कमी. आणि पिल्लू जितकं लहान, तितके दिवस जास्त. दुसरी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तान्ह्या पिल्लाला सतत उचलून ठेवणं हेच त्या दिवसांत आईचं मुख्य काम असतं, आणि पिल्लाचा श्वास थांबला म्हणून ती ओढ त्याच क्षणी थांबत नाही. त्यात तोटा-फायदाही असावा. निपचित पडलेलं पिल्लू चुकून जिवंत असताना टाकलं तर सगळंच गेलं. मेलेलं चार दिवस वागवलं तर हात तेवढा दुखतो.

याला दुःख म्हणायचं का? मी म्हणेन, पण जपून. कारण जिरे एका झटक्यात वेगळी झाली नाही. आधी ती थोडा वेळ ते खाली ठेवू लागली, मग कळपातल्या इतर पोरांना त्याच्याशी खेळू देऊ लागली, आणि एक दिवस ते तिच्यापाशी नव्हतं.