स्नॅपशॉट गेले, जागा मात्र अडलेलीच

बॅकअपची डिस्क भरत आली की माणूस जुने बॅकअप काढायला घेतो. आज्ञा दिली, पंधरा-वीस नावं यादीतून गेली, कुठे चूक दाखवली गेली नाही. आणि डिस्क पाहावी तर होती तेवढीच भरलेली. अगदी बारकाईने मोजलं तर किंचित वाढलेलीसुद्धा! ‘बोर्ग’ ही मोफत बॅकअप प्रणाली वापरणाऱ्यांना हे हमखास भेटतं. बिघाड कुठेच नसतो. जागा न सुटण्याची कारणं दोन असतात आणि ती एकमेकांपासून वेगळी आहेत. घोळ होतो तो दोन्ही एकच समजल्यामुळे.

२०१५ मध्ये ‘ॲटिक’ या प्रणालीतून फुटून निघालेलं बोर्ग फाइली आहेत तशा साठवत नाही. ते मोठ्या फाइलीचे साधारण दोन-दोन एमबीचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याला त्यातल्या मजकुरावरूनच एक ओळख देतं. त्या ओळखीचा तुकडा भांडारात आधीच असेल तर पुन्हा लिहीत नाही, ‘या स्नॅपशॉटलाही हाच तुकडा लागतो’ एवढीच नोंद करतं. म्हणून दोनशे जीबीच्या संगणकाचे वीस रात्रींचे वीस पूर्ण स्नॅपशॉट सव्वादोनशे-अडीचशे जीबीत सहज मावू शकतात. याची दुसरी बाजू अशी की एखादा स्नॅपशॉट काढला तर किती जागा मिळेल, याला सरळ उत्तर उरत नाही. तुकडा निरुपयोगी ठरतो तो त्याला धरून असलेला शेवटचा स्नॅपशॉट गेला की मगच.

एक फोटो स्टुडिओ धरू. रोज रात्री बॅकअप होतो आणि लगेच छाटणी:

```
borg prune --list --keep-daily 7 --keep-weekly 4 --keep-monthly 6 /mnt/backup/repo
```

म्हणजे शेवटच्या सात दिवसांचे, त्याआधीच्या चार आठवड्यांचे प्रत्येकी एक आणि सहा महिन्यांचे प्रत्येकी एक स्नॅपशॉट ठेवायचे. आठवड्याचा म्हणून त्या आठवड्यातला शेवटचा, म्हणजे रविवारचा, राहतो. दैनिक नियमाने आधीच राखलेला स्नॅपशॉट साप्ताहिक चारांत मोजला जात नाही, आणि नेमकं हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

सोमवारी, १० मार्च २०२५ रोजी लग्नाचं ४० जीबीचं चित्रीकरण संगणकावर आलं. ग्राहकाला देऊन झालं आणि २० मार्चला सकाळी ते संगणकावरून पुसलं. चित्रीकरण असलेले स्नॅपशॉट दहा, १० ते १९ मार्चचे. २६ मार्चच्या रात्रीपर्यंत त्यांतले नऊ छाटले गेले, तरी ४० जीबीतला एकही तुकडा सुटला नाही, कारण रविवारचा, १६ मार्चचा स्नॅपशॉट साप्ताहिक म्हणून राहिला आणि सगळे तुकडे त्याने एकट्याने धरून ठेवले. १९ एप्रिलच्या रात्रीही तो चौथा साप्ताहिक म्हणून टिकून होता. २० एप्रिलला नवा रविवार उजाडला, आधीचा रविवार दैनिक खिडकीतून बाहेर पडून साप्ताहिकांत आला, आणि तेव्हा कुठे १६ मार्चची पाळी आली. पुसल्यापासून पुरा महिना.

हे आधी कळू शकतं का? `borg info` एखाद्या स्नॅपशॉटपुढे `Deduplicated size` दाखवतं. हा आकडा म्हणजे फक्त त्याच स्नॅपशॉटमध्ये असलेले तुकडे. १८ मार्चला त्यांपैकी कुणासमोरही ते ४० जीबी दिसले नसते, कारण सगळेच त्यात वाटेकरी. २६ मार्चनंतर ते एकट्या १६ मार्चपुढे उभे राहतात. त्यामुळे स्नॅपशॉटनिहाय हे आकडे जोडून ‘एवढी जागा सुटेल’ असा हिशेब मांडू नये, तो कमीच येतो.

इथवर पहिलं कारण झालं. २० एप्रिलच्या छाटणीने मात्र ४० जीबीचे तुकडे खरोखर बेवारस झाले, आणि डिस्क तरीही हलली नाही. ती का, हे कळायला बोर्ग डिस्कवर लिहितं कसं ते पाहावं लागतं. भांडार म्हणजे जुन्या पेढीवरची रोजकीर्द: लिहिलेलं खोडायचं नाही, दुरुस्ती हवी तर खाली नवी नोंद करायची. तुकडे एकामागून एक ‘सेगमेंट’ फाइलींत लिहिले जातात. सेगमेंट पाचशे एमबीच्या आसपास भरला की पुढचा. तुकडा नको झाला तर त्याला हात न लावता रोजकिर्दीच्या शेवटी ‘हा रद्द’ अशी ४१ बाइटची नोंद पडते. चाळीस जीबीचे साधारण वीस हजार तुकडे, म्हणजे आठशे किलोबाइटच्या रद्दनोंदी. छाटणीनंतर भांडार किंचित वाढतं ते यामुळे. हा आळस नव्हे. मध्येच वीज गेली तर शेवटच्या पूर्ण व्यवहारापर्यंत सगळं शाबूत मिळावं, यासाठी ही शिस्त आहे.

जागा परत मिळते ती `borg compact` चालवल्यावर. ते एकेक सेगमेंट तपासतं, जिवंत तुकडे नव्या सेगमेंटमध्ये उतरवतं, नोंद पक्की करतं आणि मगच जुनी फाइल पुसतं. आपलं चित्रीकरण एकाच रात्री आत आलं असल्याने त्याचे ऐंशीएक सेगमेंट जवळजवळ पूर्ण रिकामे झालेले असतात, ते झटक्यात जातात. रोज थोड्या थोड्या बदलणाऱ्या हिशेबाच्या फाइलींचं तसं नसतं. त्यांचे रद्द तुकडे शेकडो सेगमेंटांत विखुरलेले. वीस एमबी सोडवायला चारशे ऐंशी एमबी पुन्हा लिहायचे, हा सौदा परवडत नाही. म्हणून ज्या सेगमेंटमध्ये दहा टक्क्यांहून कमी कचरा आहे तो बोर्ग तसाच राहू देतं. `--threshold` देऊन ही मर्यादा खाली आणता येते, पण माझ्या मते डिस्क खरोखर गळ्याशी आली नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

पूर्वी छाटणीच्या शेवटी हे काम आपोआप व्हायचं. २०२२ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीपासून ते वेगळं काढलं. जुन्या स्क्रिप्ट मात्र तशाच राहिल्या. बॅकअप होतोय, छाटणी होतेय, आणि भांडार महिनोन्‌महिने फुगतंय. ओळखायचं कसं? `borg info` मधल्या `All archives` ओळीतला `Deduplicated size` आणि `du -sh` ने मोजलेला भांडाराचा आकार शेजारी ठेवावा. थोडा फरक नेहमीच असतो. एक दुसऱ्याच्या दीडपट असेल, तर स्क्रिप्टमध्ये ही ओळ नाही:

```
borg compact --verbose /mnt/backup/repo
```

ती महिन्यातून एकदा चालवली तरी चालतं. तिला सांकेतिक किल्लीही लागत नाही, कारण तुकड्यांच्या आत डोकावायचंच नसतं, ओळख आणि लांबी पुरते. दूरच्या सर्व्हरवर ती तिथेच चालवता येते. छाटणीला मात्र किल्ली हवी.

खरी अडचण डिस्क शंभर टक्के भरल्यावर येते. रद्दनोंदी लिहायलाही जागा लागते आणि नवा सेगमेंट पक्का होईपर्यंत जुना पुसला जात नाही, तेव्हा साफसफाईच अडते. त्यासाठी `additional_free_space` ही राखीव जागा आधीच ठरवून ठेवता येते, उदाहरणार्थ दोन जीबी. संकटात तो आकडा शून्यावर आणायचा, छाटणी आणि कॉम्पॅक्ट उरकायचं आणि राखीव पुन्हा लावायची.

बोर्गमध्ये केवळ भर घालू देणारी `append-only` अशी एक पद्धत आहे. तिच्यात `compact` जागा सोडवतच नाही. संगणकात घुसलेल्या कुणी सगळे स्नॅपशॉट छाटले तरी ती नुसती रोजकिर्दीतली नोंद राहते आणि सर्व्हरवर बसलेला माणूस भांडार आधीच्या व्यवहारापर्यंत मागे नेऊ शकतो. पण अशा भांडारावर ही अट उठवून कुणी सवयीने कॉम्पॅक्ट चालवलं, तर त्या घुसखोराची छाटणी त्याच क्षणी कायमची होते. म्हणून तिथे आधी `borg list`, आणि यादीत अपेक्षित तारखा दिसल्यावरच `borg compact`.