व्याजाचा दाखला मागताना

कराडच्या एका निवृत्त शिक्षकांचं उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण कर सल्लागारांच्या टेबलावर अशी प्रकरणं नेहमी येतात. 2023-24 या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र गुरुजींनी वेळेत भरलं, ठेवींचं व्याज म्हणून 1,25,300 रुपये दाखवले आणि विषय संपला असं समजले. विवरणपत्र तपासणीला निवडलं गेलं. मग 6 नोव्हेंबर 2025 रोजी 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 142(1) खालची प्रश्नावली पोर्टलवर आली. सर्व बँक खात्यांचे उतारे द्या, मोठ्या जमा रकमांचा स्रोत सांगा, व्याजाचे दाखले जोडा, आणि हे सगळं 21 नोव्हेंबरपर्यंत.

अशा वेळी माणूस घाईघाईत कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहितो: ‘मला इन्कम टॅक्ससाठी 2024-25 चं स्टेटमेंट आणि इंटरेस्ट सर्टिफिकेट तातडीने मिळावे, ही विनंती.’ पत्र नम्र आहे, हेतूही स्पष्ट आहे, आणि तरीही या पत्रावर बँक जे देईल ते बहुधा निरुपयोगी ठरेल.

पहिली अडचण वर्षाची. नोटिशीवर ठळक अक्षरांत 2024-25 छापलेलं असतं, पण ते करनिर्धारण वर्ष. त्या वर्षात तपासलं जातं ते आधीच्या वर्षाचं उत्पन्न, म्हणजे 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या काळातलं. बँकेच्या काउंटरवर मात्र ‘2024-25’ म्हटलं की एप्रिल 2024 पासूनचं आर्थिक वर्ष समजतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. दाखला मिळतो, शिक्का असतो, सही असते, फक्त वर्ष दुसरंच. अनेकदा हे लक्षात येतं ते उत्तर भरायला बसल्यावर, मुदतीच्या आदल्या रात्री. म्हणून पत्रात वर्षाचं नाव लिहूच नये. दोन तारखा लिहाव्यात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ती समजण्यासाठी गुरुजींचा हिशोब उघडून पाहावा लागतो.

बँकेने आयकर खात्याला कळवलेलं व्याज करदात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये दिसतं. गुरुजींच्या एआयएसमध्ये या बँकेतल्या मुदत ठेवींचं व्याज 1,68,400 रुपये होतं. विवरणपत्रात दाखवलेले होते 1,25,300. फरक 43,100 रुपयांचा. गुरुजींनी काही लपवलं होतं का? नाही. दरमहा व्याज देणाऱ्या दोन ठेवींचे 1,14,100 रुपये आणि जुलैमध्ये बंद केलेल्या एका ठेवीचे 11,200 रुपये त्यांनी पासबुकातून टिपून घेतले होते. राहिलं ते एप्रिल 2019 मध्ये केलेल्या पाच लाखांच्या पाच वर्षांच्या संचयी ठेवीचं व्याज. त्या ठेवीचा एक पैसाही तोवर हातात आला नव्हता. पैसे एप्रिल 2024 मध्ये मिळणार होते, तेव्हा व्याज त्या वर्षी दाखवू, असा त्यांचा सरळ विचार होता.

बँकेचा हिशोब तसा चालत नाही. ठेव संचयी असली, तरी बँक दरवर्षी चढलेलं व्याज खात्याला कळवते आणि त्यावर टीडीएसही कापते. साडेसहा टक्के दर आणि तिमाही चक्रवाढ धरली, तर पाच लाखांवर पहिल्या वर्षी सुमारे 33,300 रुपये व्याज चढतं आणि पाचव्या वर्षी सुमारे 43,100. पाच वर्षांचं मिळून एक लाख 90 हजारांच्या थोडं वर जातं. गुरुजींच्या बाबतीत टीडीएस बचत खात्यातून वळता होत होता, त्यामुळे पासबुकात अधूनमधून छोट्या नावे नोंदी दिसत होत्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

खरी गफलत पुढे झाली. विवरणपत्र भरताना 26एएसमध्ये दिसणारा टीडीएस त्यांनी पूर्ण वापरला, 16,840 रुपये. हा कर 1,68,400 रुपयांवरचा होता आणि उत्पन्न दाखवलं होतं 1,25,300 रुपयांचं. ज्या उत्पन्नावरच्या कराची वजावट घ्यायची, ते उत्पन्नही त्याच वर्षी दाखवायचं, असा नियम आहे. व्याज हातात आल्यावर दाखवण्याची पद्धत कुणी सातत्याने पाळू शकतो, पण मग त्या व्याजावरचा टीडीएसही त्याच वर्षापर्यंत पुढे न्यावा लागतो.

आता गुरुजींपुढचा धोका बघा. ठेव मुदतीनंतर मिळाली तेव्हा 2024-25 च्या विवरणपत्रात त्यांनी पाचही वर्षांचं व्याज प्रामाणिकपणे दाखवलं होतं. तपासणी अधिकाऱ्याने 43,100 रुपये 2023-24 च्या उत्पन्नात मिळवले, तर तेच व्याज दोनदा करपात्र होईल. ते टाळायचं असेल तर त्या एका ठेवीचं व्याज वर्षावार फोडून दाखवणारा बँकेचा कागद हाताशी हवा. एकूण रकमेचा दाखला तिथे काही कामाचा नाही.

नेट बँकिंगवरचा दाखला पुरणार नाही का? चालू ठेवी असतील आणि आकडे जुळत असतील, तर पुरतो. पण दाखला अनेकदा आज चालू असलेल्या ठेवींपुरताच निघतो. गुरुजींची एक ठेव जुलै 2023 मध्ये बंद झाली होती, संचयी ठेव एप्रिल 2024 मध्ये. नोव्हेंबर 2025 मध्ये काढलेल्या अशा दाखल्यावर राहिले असते फक्त 1,14,100 रुपये. एआयएसशी तफावत 43,100 वरून 54,300 वर गेली असती, आणि करदाता स्वतःच्याच पुराव्याने अडचणीत आला असता. म्हणून ‘बंद झालेल्या ठेवींसह’ हे शब्द पत्रात हवेतच.

उताऱ्याचंही तसंच. 12 जुलै 2023 रोजी बचत खात्यात सहा लाख रुपये जमा झाले होते. अधिकाऱ्याला त्यांचा स्रोत हवा आहे. ती रक्कम बंद केलेल्या ठेवीची मुद्दल होती. पण पासबुकात ‘ट्रान्सफर’ एवढाच शब्द असेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. नोंदीचा पूर्ण तपशील दाखवणारा उतारा आणि ठेव बंद केल्याची नोंद दोन्ही जोडली, की प्रश्न तिथेच मिटतो.

हे सगळं लक्षात घेऊन गुरुजींचं पत्र असं लिहिता येईल:

‘प्रति, मा. शाखा व्यवस्थापक. दिनांक 10 नोव्हेंबर 2025.

विषय: आयकर नोटिशीच्या उत्तरासाठी खातेउतारा व ठेववार व्याजाचा दाखला 17 नोव्हेंबरपर्यंत मिळण्याबाबत.

महोदय, मी आपल्या शाखेचा खातेदार आहे. माझा ग्राहक क्रमांक, पॅन व बचत खाते क्रमांक खाली दिला आहे. आयकर खात्याने मला कलम 142(1) खाली 6 नोव्हेंबर 2025 रोजी नोटीस दिली असून उत्तराची अंतिम तारीख 21 नोव्हेंबर आहे. नोटिशीच्या पहिल्या पानाची प्रत जोडली आहे. कृपया पुढील कागद द्यावेत.

एक, बचत खात्याचा 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 या काळाचा, नोंदींच्या पूर्ण तपशिलासह उतारा. दोन, याच काळात माझ्या ग्राहक क्रमांकाखाली असलेल्या सर्व मुदत ठेवींचा, आता बंद झालेल्या ठेवींसह, ठेववार व्याजाचा दाखला. त्यात प्रत्यक्ष दिलेलं व्याज, चढलेलं व्याज आणि कापलेला टीडीएस वेगवेगळा दाखवावा. तीन, एप्रिल 2019 मधील संचयी ठेवीच्या व्याजाचा सुरुवातीपासून मुदतपूर्तीपर्यंतचा आर्थिक वर्षानुसार तपशील. चार, 12 जुलै 2023 रोजी बंद केलेल्या ठेवीची मुद्दल बचत खात्यात जमा केल्याची नोंद.

कागदांवर शाखेचा शिक्का व सही असावी. नियमाप्रमाणे होणारं शुल्क माझ्या खात्यातून वळतं करावं. यातला एखादा कागद 17 तारखेपर्यंत देणं शक्य नसल्यास तो कधी मिळेल हे कृपया लेखी कळवावं. आपला विश्वासू.’

शेवटच्या विनंतीला फार महत्त्व आहे. चार कागदांपैकी तीन लगेच मिळतात आणि एक मुख्य कार्यालयातून येणार असतो, असं नेहमी घडतं. खाजगी नोकरीत बदल्या, शाखांची विलीनीकरणं यांमुळे जुन्या नोंदी शोधायला वेळ लागतो. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 पासून बँक ऑफ बडोदात गेल्या, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक 1 एप्रिल 2020 पासून युनियन बँकेत. तिथल्या जुन्या ठेवींच्या पावत्या कुणाकडे असतील, तर पत्रात नव्या क्रमांकासोबत जुना क्रमांकही द्यावा.

पत्र दोन प्रतींत न्यावं आणि एकीवर तारखेसह पोच घ्यावी. ही पोच पुढे पुरावा ठरते. कागद वेळेत आले नाहीत, तर पोर्टलवर मुदत संपण्याआधी मुदतवाढ मागता येते आणि त्या अर्जाला ही पोच जोडता येते. गप्प राहणं महागात पडतं: नोटिशीला उत्तर न दिल्यास दहा हजार रुपये दंड होऊ शकतो आणि अधिकारी हाती असलेल्या माहितीवरून एकतर्फी करनिर्धारण करू शकतो. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याचा मार्ग आहे, पण आधी बँकेला तक्रार करून उत्तरासाठी तीस दिवस द्यावे लागतात. 21 नोव्हेंबरच्या घाईत तो मार्ग उपयोगाचा नाही. त्यापेक्षा, बँकेकडून थेट माहिती मागवण्याचा अधिकार कलम 133(6) खाली तपासणी अधिकाऱ्यालाच आहे, हे लक्षात घेऊन उत्तरात तशी विनंती करता येते.

कागद हातात पडले की काउंटरवरून हलण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. दाखल्यावरचा पॅन आपलाच आहे का, कारण संयुक्त ठेवीत टीडीएस सहसा पहिल्या नावावर जातो. तारखा 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024 याच आहेत का. आणि ठेववार बेरीज एआयएसशी जुळते का. गुरुजींच्या बाबतीत 1,14,100, 11,200 आणि 43,100 यांची बेरीज 1,68,400 आली पाहिजे. ती आली, की उत्तरात तफावतीचं कारण एका परिच्छेदात मांडता येतं, आणि 2024-25 च्या विवरणपत्रात तेच 43,100 रुपये पुन्हा मोजले गेले आहेत, हे दाखवून ते सुधारायलाही 31 डिसेंबर 2025 पर्यंतचा वेळ हाताशी राहतो.